वर्कशीटवर सही करणाऱ्याचे शिफारसपत्र

अन्नचाचणी कंपनीत अर्ज करणाऱ्या टेक्निशियनकडे आधीच्या प्रयोगशाळेचे दोन कागद असू शकतात. पहिला अनुभवाचा दाखला. तो कार्यालयातून निघतो आणि त्यात पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि वागणूक समाधानकारक असल्याचे एक ठरावीक वाक्य असते. दुसरा कागद म्हणजे पर्यवेक्षकाचे शिफारसपत्र. ज्या माणसाने त्या टेक्निशियनची वर्कशीटे रोज तपासली, आकडे पुन्हा मांडून पाहिले आणि खाली सही केली, त्याने ते लिहिलेले असते. टेक्निशियन प्रयोगशाळेत किती वर्षे होता हे दाखला सांगतो. त्या वर्षांत त्याच्या हातून काय झाले हे सांगणे शिफारसपत्राचे काम. हे काम बहुतेक पत्रे करत नाहीत, कारण ती माणसाच्या स्वभावाविषयी लिहिलेली असतात आणि वाचणाऱ्याला हवी असते चाचण्यांविषयीची माहिती.

पत्र वाचणारा कोण, हे कळले की त्यात काय लिहायचे तेही कळते. चाचणी कंपनीत अर्ज मनुष्यबळ विभागाकडे येतो, पण शिफारसपत्र शेवटी तांत्रिक व्यवस्थापकाच्या टेबलावर पोहोचते. त्याची प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार चालते. भारतात त्याची मान्यता एनएबीएल देते. या मानकाच्या २०१७ सालच्या आवृत्तीत कर्मचाऱ्यांविषयी स्वतंत्र कलम आहे. कोणत्या कामाला कोणती क्षमता लागते ते ठरवा, त्याप्रमाणे माणूस निवडा, शिकवा, देखरेखीखाली ठेवा, मग त्या कामासाठी अधिकृत करा आणि पुढेही त्याची क्षमता तपासत राहा. या प्रत्येक पायरीची नोंद ठेवा, असे ते कलम सांगते. व्यवहारात बहुतेक प्रयोगशाळा हा अधिकार चाचणीनिहाय देतात. दुधातील फॅट काढण्यासाठी अधिकृत असलेला टेक्निशियन प्रथिनांसाठी आपोआप अधिकृत ठरत नाही. त्यामुळे तांत्रिक व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न असतो, या माणसाने कोणती चाचणी, कोणत्या पद्धतीने, किती काळ, कोणाच्या मदतीशिवाय केली?

त्याच्या काळजीला आणखी एक कारण आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली घेतलेल्या नमुन्याचा अहवाल अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत द्यायचा असतो, आणि त्या अहवालाविरुद्ध उत्पादक अपील करू शकतो. नमुन्याचे चार भाग केलेले असतात, म्हणजे तोच माल दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासला जाऊ शकतो. अहवालावर सही विश्लेषकाची असली, तरी आत बसलेला आकडा ब्युरेट वाचणाऱ्या टेक्निशियनचा असतो.

हे प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहण्यासाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत एक तरुणी चार वर्षे काम करते आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर ती तिथे लागली. पहिले वर्ष संकलनाच्या दुधावर गेले: गर्बर पद्धतीने फॅट, लॅक्टोमीटर, आम्लता. मग तिला दूध पावडरच्या विभागात घेतले आणि तिथे ती केल्डाल पद्धतीने प्रथिने काढू लागली. आता तिने पुण्यातल्या एका खासगी अन्नचाचणी कंपनीत अर्ज केला आहे. कंपनीला पोषणघटकांच्या चाचण्यांसाठी, म्हणजे ओलावा, राख, फॅट आणि प्रथिने यांसाठी, हाताशी माणूस हवा आहे. पर्यवेक्षकाकडे ती शिफारसपत्र मागते.

पत्रात खरा भाव आहे तो केल्डालच्या अनुभवाला, म्हणून ही चाचणी थोडी समजून घ्यायला हवी. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती बसवली. तिच्यात प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजला जातो. साधारण अर्धा ग्रॅम पावडर तीव्र सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम सल्फेट आणि थोड्या कॉपर सल्फेटसह उकळतात. याला प्रयोगशाळेत डायजेशन म्हणतात. पोटॅशियम सल्फेटने आम्लाचा उत्कलनबिंदू वाढतो, तांब्याने क्रिया जलद होते, आणि प्रथिनांतला नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात आम्लात राहतो. नळीतले द्रव काळ्याचे निळसर-हिरवे आणि स्वच्छ झाले तरी उकळणे तिथे थांबवत नाहीत, आणखी काही काळ चालू ठेवतात. मग थंड करून, पाणी घालून, त्यात जादा कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडतात. अमोनिया मोकळा होतो, वाफेबरोबर कंडेन्सरमधून जातो आणि बोरिक आम्लात पकडला जातो. शेवटी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन करून तो मोजतात. नायट्रोजनच्या टक्केवारीला ६.३८ ने गुणले की दुधाच्या पदार्थातली प्रथिने मिळतात.

या वाटेवर नायट्रोजन हरवायला अनेक जागा आहेत. पावडर नळीच्या मानेला चिकटून राहते आणि आम्लापर्यंत पोहोचतच नाही. डायजेशन लवकर थांबवले तर काही प्रथिने अर्धवट फुटतात. सोडा कमी पडला तर अमोनिया पूर्ण मोकळा होत नाही. डिस्टिलेशनच्या नळीचे टोक बोरिक आम्लाच्या पातळीवर राहिले तर वायू हवेत निसटतो. जोडावरचे रबरी सील झिजले तरी तेच. बहुतेक वेळा आकडा कमी येतो, आणि कमी आलेला आकडा पाहून माल खराब आहे की काम, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्याला हा फरक शोधता येतो तो टेक्निशियन चाचणी कंपनीला हवा असतो.

उदाहरणातल्या तरुणीच्या चार वर्षांत असा एक दिवस येऊन गेला आहे. स्किम्ड दूध पावडरच्या एका नमुन्याचे दोन समांतर निकाल आले: ३१.९ आणि ३२.० टक्के. पावडरीतला ओलावा आणि फॅट वजा जाता घनपदार्थ ९५ टक्के होते. म्हणजे घनपदार्थांत प्रथिने साधारण ३३.६ टक्के. नियमानुसार ती किमान ३४ टक्के हवीत. दोन्ही निकाल एकमेकांशी जुळत होते, आणि अननुभवी माणूस इथेच फसतो. जुळणारे निकाल एवढेच सांगतात की दोन्ही वेळा एकसारखे घडले. दोन्ही वेळा सारखीच गळती झाली असेल तर आकडे जुळतीलच आणि दोन्ही चुकीचे असतील.

तिने नमुना लगेच पुन्हा लावला नाही. आधी उपकरण तपासायला घेतले. शुद्ध अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन किती हे ठाऊक असते, त्यामुळे ते नमुन्यासारखे चालवून त्यातला किती टक्के नायट्रोजन हाती लागतो ते पाहता येते. दुधाच्या केल्डाल पद्धतीत ही प्राप्ती ९९ ते १०० टक्क्यांत यावी लागते. तिला मिळाली ९६.७. मग तिने अमोनियम सल्फेट डायजेशन न करता थेट डिस्टिलेशनला लावले. तरी आकडा तेवढाच कमी. त्यावरून दोष डायजेशनमध्ये नाही, पुढे डिस्टिलेशनमध्ये किंवा टायट्रेशनमध्ये आहे, एवढे नक्की झाले. टायट्रेशनच्या आम्लाची तीव्रता प्रमाणित सोडियम कार्बोनेटवर पडताळली, ती बरोबर निघाली. राहिले डिस्टिलेशन. नळी जिथे उपकरणात बसते तिथले रबरी सील एका बाजूने कडक होऊन चिरले होते. सील बदलल्यावर प्राप्ती ९९.४ टक्क्यांवर आली. त्यानंतर पावडरचा नमुना पुन्हा लावला. निकाल ३३.० टक्के, म्हणजे घनपदार्थांत ३४.७. माल नियमात होता.

इथवरचे काम कुशल टेक्निशियन करतो. यापुढचे दोन तपशील पर्यवेक्षकाला जास्त महत्त्वाचे वाटले, आणि ते वाटणे योग्यच आहे. पहिला असा की वर्कशीटवरचे ३१.९ आणि ३२.० तिने खोडरबराने वा पांढऱ्या शाईने घालवले नाहीत. आकड्यांवर एकच रेघ, शेजारी कारण, सही आणि तारीख. दुसरा असा की आधीची समाधानकारक प्राप्ती चार दिवसांपूर्वीची होती. मधल्या चार दिवसांत त्याच उपकरणावर गेलेल्या सगळ्या नमुन्यांची यादी तिने न सांगता काढून दिली. त्यांतला एकही नमुना नापास झालेला नव्हता, त्यामुळे कोणी विचारलेही नसते. पण त्या सर्वांचे आकडे खरे तर कमी लागलेले होते आणि ते पुन्हा तपासावे लागले. तिचे स्वतःचे दोन दिवसांचे काम वाढले.

पर्यवेक्षकाने दिलेले पत्र अशा वेळी साधारण असे असते. प्रत्यक्षात अशी पत्रे बहुधा इंग्रजीत, संस्थेच्या लेटरहेडवर लिहिली जातात, आशय असा:

“या टेक्निशियन आमच्या प्रयोगशाळेत चार वर्षांपासून काम करतात. त्यांपैकी शेवटची तीन वर्षे त्या थेट माझ्या देखरेखीखाली होत्या आणि त्यांची वर्कशीटे मी स्वतः तपासत आलो आहे. पहिल्या वर्षाविषयी मी लिहीत नाही, कारण तेव्हा त्या दुसऱ्या पाळीत होत्या.

दूध आणि दूध पावडर यांतील प्रथिने केल्डाल पद्धतीने काढण्यासाठी त्या अडीच वर्षांपासून अधिकृत आहेत. नमुना तयार करण्यापासून आकडेमोडीपर्यंतचे काम त्या स्वतंत्रपणे करतात. गर्बर पद्धतीने फॅट, ओलावा, राख आणि आम्लता या चाचण्यांसाठीही त्या अधिकृत आहेत. पावडरीतील फॅट रोझ-गॉटलीब पद्धतीने त्यांनी केले आहे, पण ते माझ्या सोबतीने. ती चाचणी त्या एकट्याने करतात असे मी म्हणणार नाही. एचपीएलसी किंवा जीसी ही उपकरणे आमच्याकडे नाहीत, त्यामुळे त्यांचा अनुभव त्यांना येथे मिळालेला नाही.

गेल्या दोन वर्षांत आमच्या प्रयोगशाळेने प्रथिनांसाठी भाग घेतलेल्या प्रत्येक प्रावीण्य चाचणी फेरीत नमुना त्यांनीच तपासला आणि सर्व निकाल समाधानकारक आले.

एका प्रसंगी दूध पावडरचा निकाल मर्यादेखाली आल्यावर त्यांनी नमुना पुन्हा लावण्याआधी उपकरणाची प्राप्ती तपासली, दोष डिस्टिलेशनच्या सीलमध्ये असल्याचे टप्प्याटप्प्याने शोधले, मूळ नोंदी तशाच ठेवल्या आणि आधीच्या चार दिवसांतील बाधित नमुन्यांची यादी स्वतः होऊन माझ्याकडे दिली.

त्यांचा अनुभव दुधापुरता आहे. धान्य, मसाले किंवा तेलकट पदार्थांचे नमुने दळणे आणि एकजीव करणे त्यांना शिकवावे लागेल. नोंदी लिहिताना सुरुवातीला त्या फार मोघम लिहीत; गेल्या दीड वर्षात ती तक्रार राहिलेली नाही.

पोषणघटकांच्या चाचण्यांच्या कामासाठी मी त्यांची शिफारस करतो. अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर मला कार्यालयीन वेळेत फोन करावा.”

पत्र एका पानात बसते. त्यात ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘मनमिळाऊ’ यांपैकी एकही शब्द नाही, तरी प्रामाणिकपणाबद्दल त्यात बरेच सांगून झाले आहे. चार दिवसांच्या नमुन्यांची यादी स्वतः होऊन देणे ही एकच घटना विशेषणांच्या परिच्छेदापेक्षा जास्त विश्वास निर्माण करते, कारण ती खोटी असेल तर एका फोनवर उघड होईल.

पहिल्या परिच्छेदात पर्यवेक्षक आपल्याला काय माहीत आहे त्याची हद्द आखतो. शिफारसपत्र ही एका अर्थाने साक्ष असते, आणि जे स्वतः पाहिले नाही त्याची साक्ष द्यायची नसते. मोठ्या प्रयोगशाळेत विभागप्रमुखाच्या सहीला वजन असते म्हणून त्याच्याकडून पत्र घेण्याची ओढ उमेदवाराला असते. पण ज्याने वर्कशीट कधी उघडली नाही अशा मोठ्या पदावरच्या माणसाचे पत्र तांत्रिक व्यवस्थापकाला फारसे काही सांगू शकत नाही. रोजची सही करणारा कनिष्ठ पर्यवेक्षक त्यापेक्षा चांगला साक्षीदार असतो.

दुसरा परिच्छेद पत्राचा कणा आहे. तिथे प्रत्येक चाचणीला पद्धतीचे नाव आहे आणि स्वतंत्रपणे केलेले काम सोबतीने केलेल्या कामापासून वेगळे ठेवले आहे. अनेक पत्रांत ‘सर्व रासायनिक चाचण्यांचे ज्ञान’ असे लिहिलेले आढळते. या शब्दांवर कोणतीही कंपनी कोणाला अधिकृत करू शकत नाही. उलट एचपीएलसी येत असल्याचा उल्लेख केला आणि मुलाखतीत मोबाइल फेज कशी तयार करतात, कॉलम वापरून झाल्यावर कसा धुतात एवढे विचारले, की दोन मिनिटांत सगळ्या पत्रावरचा विश्वास जातो. ‘येथे मिळालेला नाही’ हे वाक्य उमेदवाराला नुकसानीचे वाटते, पण त्यामुळेच शेजारच्या वाक्यांवर विश्वास ठेवता येतो.

प्रावीण्य चाचणीचा उल्लेख सामान्य वाचकाला परका वाटेल. एक संस्था एकाच मालाचे सारखे भाग करून अनेक प्रयोगशाळांना पाठवते. प्रत्येक जण आपापला निकाल कळवतो. प्रयोगशाळेचा निकाल आणि ठरवलेले मूल्य यांतला फरक, फेरीसाठी धरलेल्या प्रमाण विचलनाने भागला की झेड गुण मिळतो. समजा दुधातील प्रथिनांचे ठरवलेले मूल्य ३.२८ टक्के, विचलन ०.०४ आणि प्रयोगशाळेचा निकाल ३.३१. फरक ०.०३, भागाकार ०.७५. गुण उणे दोन ते अधिक दोन यांमध्ये असेल तर निकाल समाधानकारक; दोन ते तीन असेल तर शंकास्पद; तीन किंवा त्याहून जास्त असेल तर असमाधानकारक. हा गुण बाहेरच्या संस्थेने दिलेला असतो, म्हणून पत्रात त्याचे मोल पर्यवेक्षकाच्या मतापेक्षा जास्त. मात्र एक अट आहे: नमुना खरोखर त्याच टेक्निशियनने, रोजच्या नमुन्यासारखा तपासलेला असला पाहिजे. काही ठिकाणी प्रावीण्य नमुना आला की सगळ्यात अनुभवी माणूस तो हाती घेतो आणि चार-चार वेळा चालवतो. तसे असेल तर तो गुण अर्जदाराच्या नावावर लिहिणे चूक आहे. म्हणून ‘नमुना त्यांनीच तपासला’ हे तीन शब्द तिथे हवेतच.

सीलच्या प्रसंगात पर्यवेक्षकाने काय वगळले तेही पाहण्यासारखे आहे. पावडर कोणत्या कारखान्याची, बॅच क्रमांक कोणता, ग्राहक कोण, यातले काहीही पत्रात नाही. चाचणीची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन त्याच मानकात आहे आणि शिफारसपत्र त्याला अपवाद नाही. काही उमेदवार मुलाखतीला जुन्या वर्कशीटच्या छायाप्रती घेऊन जातात. आपले काम दाखवावे ही त्यांची इच्छा साधी असते, पण समोरचा व्यवस्थापक त्यातून एकच अर्थ काढतो: हा माणूस उद्या आमच्या ग्राहकांचे आकडेही असेच बाहेर नेईल. तपासलेल्या चाचण्यांची यादी आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे. निकाल दाखवू नयेत.

मर्यादांचा परिच्छेद लिहिताना पर्यवेक्षकांचा हात सर्वाधिक अडखळतो. गेलेल्या मुलीचे नुकसान कशाला करा, असा विचार होतो. पण दुधातून अन्नचाचणीत जाणाऱ्या माणसाची अडचण खरी आहे. दूध नीट ढवळले की नमुना एकजीव होतो. हळकुंड, फरसाण किंवा सुकामेवा घातलेली मिठाई अर्धा ग्रॅममध्ये प्रातिनिधिक रूपात उचलणे हे वेगळेच कौशल्य आहे. प्रथिनांचा गुणकही बदलतो: दुधाला ६.३८, बहुतेक पदार्थांना ६.२५, गव्हाला ५.७. सवयीने ६.३८ वापरला तर गव्हाच्या पिठातली प्रथिने सुमारे १२ टक्क्यांनी फुगतात, म्हणजे खरी १० टक्के असतील तर ती ११.२ दिसतात. भेसळीचा प्रश्न आणखी वेगळा. केल्डाल फक्त नायट्रोजन पाहते; २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच कारणाने, कारण त्या रसायनात वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो आणि ही चाचणी त्याला प्रथिन समजते. अशा नमुन्यांना तोंड देण्याची तयारी दूध संघाच्या केल्डालवर होत नाही, ती नव्या ठिकाणीच व्हायची. मर्यादा आधी कळली तर कंपनी प्रशिक्षणाचा कालावधी नीट आखते आणि नव्या माणसावर पहिल्या आठवड्यात भलते काम पडत नाही. उमेदवाराच्या दृष्टीने हा फायदाच आहे.

त्याच परिच्छेदातली मोघम नोंदींची तक्रार मात्र वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. एक दोष, तो कधीचा आणि आता कसा आहे, एवढे लिहिले की पत्र खरेच कोणीतरी विचार करून लिहिले आहे हे कळते. दोष कामाचा असावा. आजारपण, लग्न, घरची जबाबदारी, पगाराची अपेक्षा, आधी किती रजा घेतली, यांचा चाचणीच्या क्षमतेशी संबंध नाही आणि त्यांना पत्रात जागा नाही.

अशी पत्रे कुठे बिघडतात हे ओळखणे अवघड नसते. सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे उमेदवारानेच मजकूर टाइप करून आणायचा आणि साहेबांनी सही करायची. पर्यवेक्षकाला वेळ नसतो, इंग्रजी लिहायचा कंटाळा असतो, उमेदवाराला घाई असते. मजकूर कोणीही टाइप केला तरी हरकत नाही. हरकत तेव्हा असते जेव्हा सही करणाऱ्याला त्यातल्या प्रसंगाबद्दल काहीच सांगता येत नाही. अनुभवी तांत्रिक व्यवस्थापक फोन करतो तो नेमका यासाठी. तो ‘मुलगी चांगली आहे का’ असे विचारत नाही. तो विचारतो, अमोनियम सल्फेटची प्राप्ती तुमच्याकडे किती दिवसांनी घेतात? त्या वेळी ती किती आली होती? अधिकृत करण्याआधी तिच्याकडून किती नमुने करून घेतले? ज्याने काम पाहिले आहे तो आकडा चटकन सांगतो, किंवा रजिस्टर पाहून सांगतो म्हणतो. ज्याने फक्त सही केली आहे तो पुन्हा विशेषणांकडे वळतो.

दुसरा बिघाड संस्थेच्या परवानगीचा. लेटरहेडवरचे पत्र संस्थेच्या वतीने बोलते, म्हणून त्यासाठी व्यवस्थापनाची संमती लागते. ती नसेल तर पर्यवेक्षकाने साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, आपले पद नमूद करून लिहावे. टेक्निशियन अजून नोकरीत असेल आणि तिने राजीनामा दिलेला नसेल, तर नव्या कंपनीनेही तिला विचारल्याशिवाय जुन्या प्रयोगशाळेत फोन करू नये. एका घाईच्या फोनने तिची चालू नोकरी धोक्यात येऊ शकते. म्हणून संपर्क कधी करायचा हे उमेदवाराने अर्जातच लिहिलेले बरे.

पत्र कितीही चांगले असले तरी त्याच्या बळावर कोणी ब्युरेट हातात घेऊन अहवालाचा आकडा काढत नाही. नवी कंपनी आपल्या पद्धतीने क्षमता तपासते. पहिल्या दिवसांत कार्यपद्धती वाचून घेतली जाते, मग अधिकृत टेक्निशियनच्या शेजारी बसून काम होते. पुढे ज्याचे प्रथिनांचे प्रमाण आधीच निश्चित आहे असा संदर्भ पदार्थ, किंवा जुना तपासलेला नमुना क्रमांक बदलून, तिच्या हाती दिला जातो. तिने समांतर निकाल काढायचे. ते पद्धतीने घालून दिलेल्या फरकात बसले आणि माहीत असलेल्या मूल्याला धरून आले, तर देखरेख करणारा वर्कशीट तपासून अधिकारपत्रावर सही करतो. प्रथिनांसाठी हे लवकर उरकेल, कारण हात बसलेला आहे. मसाल्यांतल्या ईथर अर्काला किंवा तंतूंच्या चाचणीला शून्यापासून वेळ द्यावा लागेल. पत्रातली माहिती इथे उपयोगी पडते ती प्रशिक्षण कुठून सुरू करायचे हे ठरवायला.

अशा पत्राला मुदतही असते, ती कागदावर लिहिलेली नसली तरी. केल्डाल अडीच वर्षे सलग केलेल्या माणसाने मध्ये दोन वर्षे विक्री विभागात काढली असतील, तर जुने पत्र फक्त एवढेच सांगते की हे काम तिला एकेकाळी येत होते. म्हणून पर्यवेक्षकाने चाचणी ‘येते’ असे न लिहिता ती शेवटची कधीपर्यंत केली हे लिहावे, आणि पत्रावर तारीख टाकावी. निवड झाली की पत्र टेक्निशियनच्या वैयक्तिक फाइलमध्ये, शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या प्रतींसोबत लागते. एनएबीएलचा मूल्यांकनकर्ता ती फाइल उघडतो तेव्हा निवड कशाच्या आधारे केली हे दाखवायला ते पत्र कामी येते. प्रथिनांचे काम तिला कशाच्या आधारे दिले, या प्रश्नाला मात्र ते पत्र पुढे करता येत नाही. त्यासाठी कंपनीची स्वतःची प्रशिक्षणाची नोंद, संदर्भ पदार्थाचे निकाल आणि सही केलेले अधिकारपत्र लागते.